फोटोत बाबा खळखळून हसताहेत, सकाळ मात्र तशी नव्हती. खाली काय लिहावं?

खानापूरची_थोरली
गुरुवारी सकाळी बेळगावला डॉक्टरांनी सांगितलं की बाबांना चालू असलेलं औषध लागू पडत नाही, बदलावं लागेल. त्याच दुपारी गावात धाकट्या भावाचा साखरपुडा होता. कित्तूरकडचे पाहुणे निघालेले, पुढे ढकलणं शक्य नव्हतं. चार वाजता मुलीकडच्या एका चिमुरडीने बाबांच्या तोंडात कुंदा कोंबला आणि बाबा असे हसले की तसा फोटो वर्षभरात निघालेला नाही. मी स्टेटसला टाकला, खाली लिहिलं: "आमच्या घरचा सर्वात आनंदाचा दिवस. सगळे सोबत, सगळं छान. बाबांना आता आराम." दहा मिनिटांत काढून टाकला. आजार गावात कळू नये अशी बाबांची इच्छा आहे. पण तीन नातेवाईकांनी उपचारासाठी हातउसने दिलेत, तेही बघणार. फोटो तर दाखवावासा वाटतो. खोटं न बोलता काय लिहू?

निपाणीकर
काहीच लिहू नका ताई. नुसता फोटो टाका. बाबा हसले हे खरं, कुंदा खरा, पाहुणे खरे. ओळच नाही तर खोटं येणार कुठून? आपण उगाच प्रत्येक फोटोखाली निबंध लिहायला लागलोय.

टिळकवाडीचा_उपसंपादक
निपाणीकर, अर्धं बरोबर आहे तुमचं. ओळ नसली तर पहिला बघणारा ती लिहितो. "काका एकदम ठणठणीत दिसतात!" असा निरोप पाच मिनिटांत येतो, आणि ताई घाईत "हो, आशीर्वाद असू द्या" म्हणून मोकळ्या होतात. खोटं त्या "हो" मध्ये शिरतं.

मी बावीस वर्षं मराठी दैनिकात फोटोओळी लिहिल्या. तिथली शिस्त घरच्या फोटोलाही तशीच लागू होते असं माझं मत आहे. कॅमेऱ्यापुढे जे घडलं तेवढ्याचीच जबाबदारी ओळीने घ्यायची. चित्ररथाच्या मिरवणुकीत एक पोरगा हसताना टिपला गेला, तर "मुलाने असा आनंद व्यक्त केला" इतपत ठीक. "शहरात आनंदाचं वातावरण" लिहिलं की ती बातमी झाली, आणि तिला एका चेहऱ्यापेक्षा जास्त आधार लागतो.

आता तुमची ओळ घ्या. "सर्वात आनंदाचा दिवस" हे चार वाजताच्या फोटोला कसं ठाऊक? त्याला सकाळ माहीत नाही. "सगळे सोबत" खरं असेल तर राहू द्या. "सगळं छान" मधला "सगळं" काढा, तो शब्द डॉक्टरांच्या खोलीपर्यंत जातो. पण खरी अडचण "बाबांना आता आराम" मध्ये आहे. तुमच्या मनात काय होतं?

खानापूरची_थोरली
पाहुणे गेल्यावर आत आडवे झाले, विश्रांती घेत होते. एवढंच.

टिळकवाडीचा_उपसंपादक
तेच वाटलं होतं. पण "आराम पडला" म्हणजे बरं वाटलं असंच आपल्याकडे समजतात. कित्तूरकडच्यांच्या कानाला तर "आराम अदीरी?" ची सवय, म्हणजे तब्येत बरी ना. बाबा बरे झाले असंच ते वाचणार. तुम्ही खोटं लिहिलं नाहीत, तरी वाचणाऱ्याच्या हाती खोटंच पडलं. आजारी माणसाच्या फोटोखाली "आराम", "सुटलो", "अखेर", "पहिल्यासारखे" असे शब्द टाळाच.

मी अशी ओळ लिहिली असती: "गुरुवार, दुपारी चार. साखरपुड्यात छोट्या पाहुणीने बाबांना कुंदा भरवला. त्या घटकेला सगळेच हसलो." वेळ लिहिल्याने आनंद त्या घटकेपुरता राहतो. सकाळबद्दल काही सांगत नाही आणि काही नाकारतही नाही.

शहापूरची_मावशी
मला हे पटत नाही बघा. शब्द मोजून मापून लिहिले तरी लपवणं ते लपवणंच. आमच्या घरी दोन माग आहेत. ह्यांचं ऑपरेशन झालं त्या साली शेजारच्या अण्णांनी चाळीस हजार दिले होते, कागद नाही, काही नाही. आम्ही ते कुणाला सांगितलं नव्हतं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत ह्यांचा फेट्यातला फोटो पोरानं टाकला, खाली फक्त "मिरवणूक, रात्री बारा". एक अक्षर खोटं नव्हतं. अण्णांनी आठ दिवस तोंड फिरवलं. त्यांना वाटलं, हा तर नाचतोय, मग माझे पैसे गेले कुठं? खरं म्हणजे हे पंधरा मिनिटं खुर्चीवर बसून होते आणि फेटा काढून घरी आले. तेव्हापासून माझं सरळ म्हणणं आहे, दिवस जड होता तर जड होता असं लिहावं.

वडगावचा_विजय
मावशी, पण आजार कुणाचा? काकांचा. "दिवस जड होता" लिहिलं की वीस माणसं विचारणार काय झालं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणार. ताईंचा खरेपणा जपायला बाबांचं गुपित फोडायचं का? माझ्या आईने तिचा आजार सांगितला नव्हता. मी भावनेच्या भरात लिहून बसलो. ती शेवटपर्यंत मला काही बोलली नाही, पण नंतर कुणी फोटो काढायला लागलं की उठून आत जायची. ते मला अजून सलतं.

शहापूरची_मावशी
विजय, तुझ्या आईचं ऐकून वाईट वाटलं. पण अण्णांचं काय? त्यांनी विश्वासावर दिले होते.

टिळकवाडीचा_उपसंपादक
मावशी, तुमची अडचण ओळीने सुटणारी नाही, हे मी मान्य करतो. फोटो दोनशे माणसं बघतात, उसने तिघांनी दिलेत. त्या तिघांसाठी दोनशे जणांपुढे लिहायचं कशाला? फोटो टाकायच्या आधी त्यांना फोन करायचा: "आज औषध बदलायला सांगितलंय, खर्च वाढेल असं दिसतंय. दुपारी साखरपुडा झाला, बाबा थोडा वेळ बसले. फोटो टाकतेय, तो बघून गैरसमज नको." क्रम उलटा झाला तर फोन सफाई देण्यासारखा वाटतो. अण्णांना आधी कळलं असतं तर तीच "मिरवणूक, रात्री बारा" ही ओळ पुरली असती.

शहापूरची_मावशी
पुरली असती की नाही, आता कुणाला माहीत. फोन करायला हवा होता, हे खरं.

येळ्ळूरची_सून
माझ्याकडे हा प्रश्न दरवर्षी येतो. पुतणीचा वाढदिवस १ नोव्हेंबरला. आमच्या सासरी त्या दिवशी काळा दिन पाळतात, १९५६ पासून सीमाभागात पाळतात तसाच. दंडाला काळी फीत बांधून घरचे फेरीला जातात. केक आम्ही आदल्या रात्रीच कापतो, पण फोटो १ तारखेला टाकला की माहेरचे म्हणतात, आज सण कसला करताय? मी आता फोटोखाली "३१ ऑक्टोबर, रात्री" असं लिहिते. असा दिवस असेल तर फोटो दुसऱ्या दिवशीच टाकावा.

खानापूरची_थोरली
वहिनी, माझा अवघड दिवस घरातला आहे, सगळ्यांचा नाही. पण तारखेचं लक्षात ठेवते. मीसुद्धा गुरुवारचा फोटो आता शनिवारी टाकणार आहे.

कंग्राळी_फोटो_स्टुडिओ
मग तारीख लिहाच. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो काढल्याची वेळ सोबत नेत नाही, ती माहिती वाटेत गळते. बघणाऱ्याला फक्त टाकल्याची वेळ दिसते. शनिवारी टाकलात तर लोकांच्या लेखी बाबा शनिवारी हसले. मधल्या दोन दिवसांत त्यांना दवाखान्यात कुणी पाहिलं असेल तर तोच माणूस म्हणेल, ही काय लपवतेय?

स्टेटसची ओळ मला तरी टाकल्यावर दुरुस्त करता आलेली नाही. काढून पुन्हा टाकावं लागतं, आणि तोवर कुणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असतो. इन्स्टाग्रामच्या पोस्टची ओळ नंतर बदलता येते, पण तिथे सुरुवातीचे थोडे शब्द दिसतात आणि पुढचं more खाली जातं. म्हणून दिवस आणि वेळ सगळ्यात आधी. लोक छान छान शब्द वर लिहितात आणि तारीख शेवटी, ती कुणी वाचत नाही.

आणखी एक. गिऱ्हाईक स्टेटसला गाणं लावतं. ओळ साधी, आणि मागे "जिंकलो" छापाचं ढोल-ताशाचं गाणं. मग सगळा मजकूर गाणंच सांगतं. ह्या फोटोला गाणं नको.

निपाणीकर
तीन उसने देणारे आणि जवळचे दहा जण, एवढ्यांनाच दाखवलं तर? स्टेटसमध्ये Only share with आहे की.

कंग्राळी_फोटो_स्टुडिओ
आहे. पण गावात एकाच घरी चार जण एकमेकांच्या फोनमध्ये डोकावतात. "मला का दिसला नाही" हा रुसवा वेगळाच. आणि कमी लोकांना दाखवला म्हणून "सगळं छान" खरं होत नाही. यादी छोटी करा, ओळ तीच ठेवा.

वडगावचा_विजय
उपसंपादक काका, "त्या घटकेला सगळेच हसलो" मला टोचतंय. ताई हसल्या का त्या घटकेला? सकाळचं सगळं तर त्यांनाच माहीत होतं.

टिळकवाडीचा_उपसंपादक
रास्त आहे. मी तिथे नव्हतो, मी लिहायला नको होतं. ताईच सांगू शकतील.

खानापूरची_थोरली
मी हसले नव्हते. फोटो मीच काढला, आणि मोबाईल डोळ्यांसमोर होता म्हणून कुणाला दिसलं नाही. ते वाक्य काढते.

काल रात्री बाबांना तिन्ही ओळी वाचून दाखवल्या. माझी पहिली ऐकून म्हणाले, "हे कुणाच्या घरचं?" मावशींची "दिवस जड होता" त्यांना नको होती. म्हणाले, दिवस माझा होता, तो मी सांगेन ज्याला सांगायचा त्याला. मग उपसंपादक काकांच्या ओळीत त्यांनी एक शब्द घातला. आज सकाळी दोन काकांना आणि नंदगडच्या आत्याला फोन केले, मग टाकली:

"गुरुवार, दुपारी चार. साखरपुड्यात छोट्या पाहुणीने बाबांना कुंदा भरवला. बाबा पोटभर हसले."

"पोटभर" बाबांचा. पहिला निरोप आलाच, "तात्या एकदम फिट!" मी लिहिलं, "हसले मात्र खरंच खूप. तब्येतीचं फोनवर बोलते." त्यांनी फोन केला नाही. काका दोघे बरं म्हणाले. आत्या म्हणाली, मला कळवलंस ते ठीक, पण ह्या आठवड्यात फोटो टाकायचाच कशाला होता. तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही.

शहापूरची_मावशी
आत्याला एकदा घरी बोलव. फोनवर ते होत नाही. आणि बाबांनी परत कुंदा मागितला तर शहापुरातून मी पाठवते, डॉक्टरांना विचारून सांग.