नुसतं नाव घेऊन हाक मारली तर बिघडलं कुठं?

बदलीवर_चोपडा
मूळचा पुण्याचा. आठ महिन्यांपासून चोपडा तालुक्यातल्या एका गावात बँकेत काउंटरवर आहे. पेन्शनच्या दिवशी रांग मोठी असते, म्हणून पासबुक बघून मोठ्यानं नाव पुकारलं, "सुमन पाटील!" साठीच्या पुढची बाई शांतपणे आली, पैसे घेतले आणि गेली. मागचा माणूस मात्र माझ्यावर तडकला, "आईच्या वयाची आहे, नुसती सुमन काय?" मग मी सगळ्यांना काकू म्हणायला लागलो, तर पुढच्या महिन्यात त्याच बाई म्हणाल्या, "मी कोणाची काकू नाही." माझं मत सांगतो. नाव हीच माणसाची ओळख. 'तुम्ही' म्हटलं, नीट बोललं, एवढा मान पुरे. वरून नातं कशाला चिकटवायचं?

पारोळ्याचा_मास्तर
त्या बाई कुठल्या, हे विचारलंत का? माझा अंदाज, त्या त्या गावच्या लेक असणार, सून नव्हे.

आमच्याकडे काकू म्हणजे काकाची बायको, म्हणजे लग्न होऊन गावात आलेली. गावातच जन्मलेली बाई सत्तरीची झाली तरी गावाची लेकच राहते. पुढची पिढी तिला ताई म्हणते, अक्का म्हणते, आणि भावाची मुलं फुई म्हणतात. नवरा गेल्यावर माहेरी परतलेल्या बाईला काकू म्हणालात, तर तिला भलत्याच घरात नेऊन बसवलंत. मावशीचं तिसरंच. तुमच्या आईच्या गावची असेल तर मावशी, मग रक्ताचं नातं असो नसो.

ओळखायचं कसं? तिच्या वयाचे म्हातारे काय म्हणतात ते ऐका. ते नुसतं "सुमन" म्हणत असतील तर ती लेक. सुनेला सासरच्या गावात कोणी पुरुष नावानं हाक मारत नाही, "अमक्याची आई" म्हणतात नाहीतर वहिनी. दुसरी खूण डोक्यावरच्या पदराची. पारावर म्हातारे बसलेले असले की सुना पदर सावरतात, लेकी तशाच पुढे निघतात. हल्ली ही खूण पक्की राहिलेली नाही, पण साठीच्या पुढच्या बायकांत अजून दिसते.

आणि ताई लावलं की नाव पुसलं जात नाही. सुमनताई म्हटल्यावर सुमन आहेच की. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तरी जळगावात त्या प्रतिभाताईच होत्या.

साक्रीकर
मास्तर, एवढा विचार फक्त मराठी बोलताना. अहिराणीत कसला आलाय मान! घरात आजीलासुद्धा "काय करी राहिनी व माय?" असंच विचारतो. सगळं एकेरी. पुणेकराला उगाच घाबरवू नका.

पारोळ्याचा_मास्तर
निम्मं बरोबर आहे तुझं. आईला, आजीला, मावशीला अहिराणीत एकेरीच. पण व्याही दारात आला की तुझी आजीच एकेरी सोडते, ऐकून बघ. आणि तुझ्याच वाक्यात "माय" आहे ना? तो काढ आणि नुसतं नाव घेऊन विचार, मग आजी काय देते हातात ते कळव. तिथं मान क्रियापदात नसतो, हाकेत असतो. पुणेकरांची पंचाईत हीच की 'तुम्ही' दिलं म्हणजे हाकेचं काम झालं असं त्यांना वाटतं.

भुसावळची
याच विषयावर लिहायचं होतं. मी सेहेचाळीसची आहे. परवा स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणाला, "आजी, बसा." केस रंगवायचं सोडलंय म्हणून काय आजी? उतरताना दहा रुपये कमी दिले.

बदलीवर_चोपडा
ताई, मी नावानं हाक मारण्याबद्दल विचारतोय 🙂

भुसावळची
मग हेच ना. त्यानं नाव विचारलं असतं तर आजी म्हणायची वेळच आली नसती.

मदतनीस_यावल
सगळे मानाचं बोलताय, म्हणून माझं सांगते. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, वय एक्केचाळीस. आमची सेविका अठ्ठावीसची. गाव तिला ताई म्हणतं आणि मला मावशी. ती मला मावशी म्हणते, मी तिला ताई. वयाचं कोणी बघितलं का? दवाखान्यात फरशी पुसणारी मावशी, शाळेत घंटा देणारी मावशी, घरी भांडी घासणारी मावशी. डॉक्टरीणबाईंना कोणी मावशी म्हटलेलं ऐकलंय?

मास्तरांची आईच्या गावची मावशी वेगळी, ते मला कळतं. तिच्यासाठीच "माय मरो पण मावशी उरो" म्हणतात. पण माझ्या गळ्यातली मावशी ही माझ्या कामाची पाटी आहे. बारा वर्षांत केंद्रावर आलेल्या एकाही साहेबानं माझं नाव विचारलं नाही. मला कोणी नुसत्या नावानं हाक मारली तर मी वळून बघेन, रागावणार नाही.

पारोळ्याचा_मास्तर
याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या शाळेतही तसंच होतं, आणि मीही तसंच म्हणत आलो.

साक्रीकर
मग नाव आणि पुढे मावशी लावा. काम झालं.

मदतनीस_यावल
नाव लावून मावशी म्हटलं तरी चहा मलाच सांगणार ना भाऊ. सेविकेला नाव अधिक ताई, मला नाव अधिक मावशी. लावायचं तर दोघींना ताई लावा.

रावेरची_केळी
बाई हा शब्द कोणीच काढला नाही! आमच्या आजीच्या काळी नावापुढे बाई लावलं की झालं. लेक, सून, मजूर, पाटलीण, सगळ्यांना चालायचं. आसोद्याच्या बहिणाबाई, आमची कानबाई. आता शहरातल्यांना 'बाई' म्हटलं की कामवाली आठवते. शब्द तुम्ही खराब केला आणि आता नवा शोधताय.

बदलीवर_चोपडा
बाईवरून आठवलं, माझी अर्धी डोकेदुखी तीच आहे. आधारवर "सुमनबाई", पासबुकात "सुमन", सातबाऱ्यावर पुन्हा "सुमनबाई". संगणकाला मान कळत नाही, दोन वेगळी नावं दिसतात. केवायसी अडते आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणायला त्या बाईंना तालुक्याला जावं लागतं. कोणीतरी आदरानं लावलेली दोन अक्षरं, आणि हेलपाटा तिला. म्हणून म्हणतो, कागदावर तरी नुसतं नाव असावं.

रावेरची_केळी
कागदावर मान्य. पण पुकारताना तुम्ही कागद वाचत नसता, माणसाला बोलावत असता.

बदलीवर_चोपडा
आज पेन्शनचा दिवस होता. मास्तरांचा अंदाज खरा निघाला, त्या गावच्याच लेक आहेत, तीस वर्षांपूर्वी माहेरी परतलेल्या. "सुमनताई" म्हणून पुकारलं. कोणी तडकलं नाही. मदतनीस ताईंचं वाचल्यावर आमच्या शाखेत झाडायला येतात त्यांनाही नाव विचारून ताई म्हटलं, तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, काही चुकलं का माझं?"

आणि सुमनताईंना विचारलं, नाव सुमन की सुमनबाई? म्हणाल्या, "दोन्ही नाही. वडिलांनी सुमती ठेवलं होतं." आता तेवढं कुठल्या कागदावर शोधू?