अटल पेन्शनचे हप्ते थांबले: खाते सोडावे, पडू द्यावे की पुन्हा सुरू करावे?

तासगावची ताई (प्रश्न)

पाच वर्षांपूर्वी, तिसाव्या वर्षी, मी अटल पेन्शन योजनेत पाच हजारांच्या पेन्शनसाठी खाते उघडले. महिन्याला ५७७ रुपये बँकेतून आपोआप कापले जात. मी बेदाणा शेडवर निवडणीचे काम करते. हंगाम संपल्यावर खात्यात पैसे राहिले नाहीत आणि लागोपाठ सात हप्ते चुकले. आता हे बंद करावे, तसेच पडू द्यावे की पुन्हा सुरू करावे? खाते टिकवण्यासाठी कमीत कमी किती भरावे लागते? आधी भरलेले बुडतील का?

कृष्णाकाठ

ताई, माझे मत स्पष्ट आहे: रीतसर अर्ज देऊन बाहेर पडावे. चुकलेले सात वगळता तुमचे त्रेपन्न हप्ते म्हणजे ३०,५८१ रुपये झाले आहेत. आणखी पंचवीस वर्षे भरल्यावर जे पाच हजार हातात पडतील, त्यांची किंमत त्या वेळी काय असेल, याचा विचार कोणी करत नाही. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर तेव्हाच्या पाच हजारांत आजच्या साधारण पावणेबाराशे रुपयांचीच खरेदी होईल. ज्या घरात पावसाळ्यात किराणा उधारीवर येतो, त्या घराने पंचवीस वर्षे पैसा अडकवून ठेवावा, हे मला पटत नाही.

कूपवाडकर

बंद करण्याची काही गरज नाही. पेन्शन खात्यात वर्षाला एक हजार रुपये भरले की ते चालू राहते. माझे स्वतःचे तसेच खाते आहे आणि ज्या वर्षी ओढाताण असते, त्या वर्षी मी मार्चमध्ये हजार रुपये टाकून मोकळा होतो. ताईंनीही तसेच करावे.

निवृत्त शाखाधिकारी, सातारा

कूपवाडकर, आपले खाते राष्ट्रीय पेन्शन प्रणालीचे असणार. तिथे वर्षाला किमान एक हजाराची अट आहे आणि रक्कम आपण ठरवतो, कारण पेन्शनचा आकडा आधी ठरलेला नसतो. दोन्ही योजनांवर पेन्शन निधी नियामक प्राधिकरणाचीच देखरेख असते आणि दोन्हींत खात्याचा प्राण क्रमांक मिळतो, म्हणून ही गल्लत नेहमी होते. अटल पेन्शनमध्ये ‘किमान भरणा’ असा प्रकारच नाही. प्रवेशाचे वय आणि निवडलेली पेन्शन यांवरून हप्ता ठरतो, आणि तो पूर्णच भरावा लागतो. ताईंनी मार्चमध्ये हजार रुपये ठेवले, तर ते फार तर एका थकीत हप्त्यात आणि त्याच्या दंडात जातील, बाकीची थकबाकी तशीच राहील.

आता दंडाचे. चुकलेल्या प्रत्येक हप्त्यावर, दर शंभर रुपयांना किंवा शंभराच्या भागाला, दरमहा एक रुपया आकारला जातो. ५७७ रुपयांवर तो महिन्याला सहा रुपये होतो. सात हप्ते चुकले आणि आठव्या महिन्यात सगळे एकदम भरले, तर सर्वांत जुना हप्ता सात महिने उशिरा, त्यापुढचा सहा, असे करत शेवटचा एक महिना उशिरा पोहोचतो. हे महिने मिळून अठ्ठावीस होतात, म्हणजे दंड १६८ रुपये. थकलेले हप्ते ४,०३९ रुपये, दंड १६८ आणि चालू महिन्याचे ५७७, असे एकूण ४,७८४ रुपये खात्यात लागतील. दंडाची ही रक्कम बँकेच्या खिशात जात नाही, ती खातेदाराच्याच पेन्शन निधीत जमा होते. दंडाच्या धास्तीने खाते सोडणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगत असे.

पडू दिले तर काय होते, याविषयी शाखांत अजून जुनी पत्रके फिरतात: सहा महिन्यांनी खाते गोठते, बारा महिन्यांनी निष्क्रिय होते आणि चोवीस महिन्यांनी बंद होते. सुरुवातीला नियम तसाच होता, पुढे तो सैल झाला. आता हप्ते थांबले तरी जमा रकमेतून देखभालीचे शुल्क ठरावीक काळाने वजा होत राहते, आणि शिल्लक शून्यावर आली म्हणजे खाते संपते. ताईंच्या खात्यात तीसेक हजारांहून अधिक रक्कम आहे, तेव्हा ते लगेच संपणार नाही. पण खाते असणे आणि पाच हजारांची हमी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हमी ठरलेले सर्व हप्ते पोहोचतील या आधारावर दिलेली आहे.

ऊसपट्टा

माझाही अनुभव लिहितो. मी साखर कारखान्यात नऊ वर्षे नोकरी केली, मग सोडली. पेन्शनचे पैसे काढून घेतले आणि नंतर कळले की दहा वर्षे पूर्ण झाली असती, तर निवृत्तिवेतनच मिळाले असते. ताईंनी पैसे काढू नयेत, दहा वर्षे तरी पूर्ण करावीत.

निवृत्त शाखाधिकारी, सातारा

आपला अनुभव खरा आहे, पण ती कर्मचारी पेन्शन योजना, १९९५. तिच्यात मालकाच्या वाट्यातून रक्कम जाते आणि दहा वर्षांच्या सेवेची अट आहे. अटल पेन्शनमध्ये दहा वर्षांचा टप्पा नाही, इथे साठ वर्षांपर्यंत भरायचे असते.

बचतगट सहयोगिनी, कवठेमहांकाळ

मला हप्त्याच्या रकमेपेक्षा वसुलीच्या पद्धतीची काळजी वाटते. खात्यात पैसे येताच बँक थकलेले हप्ते एकामागून एक कापू शकते, महिन्याला एकच कापेल असे धरून चालू नये. आमच्या गटातील एका ताईंनी शेळी घेण्यासाठी गटाचे कर्ज त्याच बचत खात्यात जमा करून घेतले. दुसऱ्या दिवशी पासबुक भरून पाहिले, तर पेन्शनच्या नावाने ओळीने नोंदी होत्या आणि शेळीचे पैसे अपुरे पडले होते. बँकेने नियमाबाहेर काही केले नव्हते, पण त्यांना हे कोणी आधी सांगितले नव्हते. म्हणून तासगावच्या ताईंनी निर्णय होईपर्यंत मोठी रक्कम त्या खात्यात घेऊ नये.

आणि काही जणी बचत खातेच बंद करून टाकतात. त्याने पेन्शन खाते बंद होत नाही. हप्ते मात्र थांबतात, आणि उद्या बाहेर पडायचे ठरले तर पैसे जमा व्हायला जोडलेले खाते उरत नाही.

तासगावची ताई

सर्वांचे आभार. ४,७८४ रुपये एकदम उभे करणे मला कठीण आहे. आणि पुढेही महिन्याला ५७७ जमतील, असे पावसाळ्याच्या दिवसांत सांगता येत नाही. मधला मार्ग आहे का?

निवृत्त शाखाधिकारी, सातारा

आहे. आर्थिक वर्षात एकदा पेन्शनची रक्कम वाढवता किंवा कमी करता येते. आपण तिसाव्या वर्षी आलात, तेव्हा दोन हजारांच्या पेन्शनसाठी हप्ता २३१ रुपये पडतो. आधी जास्त भरलेली रक्कम तिच्यावरील परताव्यासह परत मिळण्याची तरतूद आहे. महिन्याला ३४६ रुपयांचा फरक धरला, तर भरलेल्या त्रेपन्न महिन्यांचे मुद्दल १८,३३८ रुपये होते. हा अर्ज शाखेत द्यावा लागतो, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय घरी जाऊ नये.

दुसरी गोष्ट हप्त्याच्या कालावधीची. मासिकाऐवजी तिमाही किंवा सहामाही हप्ता घेता येतो. आपले उत्पन्न फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याचे आणि ऑक्टोबरच्या सुमारास छाटणीचे असेल, तर सहामाही हप्ता आपल्या कामाच्या दिवसांशी जास्त जुळेल. मात्र सहामाहीच्या पहिल्याच महिन्यात पूर्ण रक्कम खात्यात हवी, नाहीतर संपूर्ण सहामाही हप्त्यावर दंड सुरू होतो. तो महिना आपल्या हंगामात येतो का, हे आधी शाखेत विचारावे. तो कोरड्या दिवसांत येत असेल, तर मासिकच बरा.

बचतगट सहयोगिनी, कवठेमहांकाळ

यात एक अडचण आम्हाला आली आहे. पेन्शन कमी करण्याचा अर्ज घेऊन गेलो, तर शाखेने आधी थकबाकी भरा, मग अर्ज घेऊ, असे सांगितले. नियम तसाच आहे की ती त्या शाखेची पद्धत आहे, याचे लेखी उत्तर आम्हाला मिळाले नाही.

कृष्णाकाठ

म्हणजे पुन्हा पाच हजारांच्या आसपास आधी उभे करायचेच. मग बाहेर पडणे सोपे नाही का? स्वतःचे पैसे आणि त्यांवर प्रत्यक्ष झालेला परतावा शुल्क वजा करून मिळतोच. आणि २०१५-१६ मध्ये शिरलेल्यांप्रमाणे ताईंना सरकारी वाटा मिळालेला नाही, म्हणजे तो सोडण्याचाही प्रश्न नाही.

निवृत्त शाखाधिकारी, सातारा

बाहेर पडता येते, ते मी नाकारत नाही. आज घरात आजारपण किंवा सावकाराचे देणे असेल, तर मीही तोच सल्ला देईन. पण पुन्हा शिरायचे झाले, तर पस्तिसाव्या वर्षी त्याच पाच हजारांसाठी महिन्याला ९०२ रुपये द्यावे लागतात, आणि चाळिशीनंतर दारच बंद होते. महागाईचा आपला हिशेब बरोबर आहे. त्यात एक गोष्ट मिळवा: पेन्शन तहहयात असते, पुढे जोडीदाराला तेवढीच मिळते, आणि दोघांनंतर वारसाला पाच हजारांच्या पेन्शनमागे साडेआठ लाख, तर दोन हजारांच्या पेन्शनमागे ३ लाख ४० हजार मिळतात.

कृष्णाकाठ

वारसाच्या रकमेचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता, तो मान्य. तरीही ज्यांचे हप्ते वर्षातून चार-सहा महिने चुकणार हे आधीच माहीत आहे, त्यांना योजनेत धरून ठेवणे योग्य आहे असे मी म्हणणार नाही.

कूपवाडकर

मी चुकीच्या योजनेचा नियम सांगितला, हे कळले. पण माझी एक शंका आहे. एखाद्याचे मधले वीस-तीस हप्ते कायमचेच राहिले आणि साठ वर्षे पूर्ण झाली, तर त्याला नेमके किती मिळते?

बचतगट सहयोगिनी, कवठेमहांकाळ

आमच्या तालुक्यात अजून कोणी साठीला पोहोचलेले नाही, कारण योजनाच २०१५ची आणि प्रवेश चाळिशीपर्यंत. म्हणून समोर उदाहरण नाही. हा प्रश्न आणि थकबाकीच्या अटीचा प्रश्न, दोन्ही एकाच अर्जात लिहून ताईंसोबत मी तासगावच्या शाखेत येते. ताई, प्राण क्रमांकाची पावती, आधार आणि भरलेले पासबुक सोबत ठेवा, आणि मोबाईलवर योजनेच्या अॅपमधून खात्याचा उतारा काढता आला, तर तोही काढा. किती हप्ते पोहोचले, याबद्दल पासबुक आणि उतारा यांत फरक असेल, तर तो आधी दाखवावा लागेल.

तासगावची ताई

सोमवारी सुट्टी घेते. तोपर्यंत त्या खात्यात मजुरी जमा करू नका, असे शेडच्या मालकांना आजच सांगते.