सोसायटी ग्रुप: केदारच्या दुकानाला ब्लॉग हवा का?

सुधाकाकू: केदारला एक एजन्सी दुकानासाठी महिन्याला चार लेख घे म्हणून मागे लागलीय. नमुन्याला 'पंपाच्या काळजीच्या 10 टिप्स' पाठवल्यात. गावात कुणाच्याही दुकानाला चालेल असा लेख, आणि पैसे दर महिन्याला!

देशमुखकाका: मोटर रिवाइंडिंगला ब्लॉग कशाला? गिऱ्हाईक ओळखीनंच येतं.

बापटकाका: आधी सोसायटीचा पंप कोण बंद करतं ते ठरवा. टाकी काल पुन्हा वाहिली.

नीलाताई: देशमुखकाका, निम्मं पटलं. पंप बंद पडला की माणूस लेख वाचत नाही, जवळचं दुकान शोधून फोन लावतो. त्यासाठी गूगल मॅपवर वेळा, फोटो, अभिप्राय नीट हवेत. लेख लागतो तो फोन करू की नको अशा वेळी. केदार, लोक सारखं काय विचारतात रे?

केदार: ताई, 2024 च्या ऑगस्टमध्ये आपल्या वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा एकच प्रश्न: "मोटर बुडाली होती, आता वाळलीये, चालू करू?" ज्यांनी न विचारता बटण दाबलं, त्यातल्या कितीकांचं वाइंडिंग जळालं.

नीलाताई: हाच पहिला लेख! पुढे तू काय करतोस तेही लिही.

केदार: बाहेरून वाळली तरी आत ओल आणि गाळ असतो. खोलून स्वच्छ पाण्यानं धुतो, भट्टीत वाळवतो, मग 500 व्होल्टच्या मेगरनं वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध बघतो. 1 मेगाओमच्या खाली आला तर वीज द्यायची नाही, परत वाळवायची.

देशमुखकाका: सगळं फुकट सांगून टाक, म्हणजे लोक घरीच करतील.

सुधाकाकू: घरी मेगर कुणाकडे असतो हो?

देशमुखकाका: वहिनी, मी आपलं भल्यासाठी बोललो. राहिलं.

नीलाताई: काका, रागावू नका. वाचणाऱ्याला एवढं कळलं की बटण दाबायचं नाही, मोटर दुकानात न्यायची, तरी काम झालं. केदार, वाळवण्याआधीचा आणि नंतरचा मेगरचा आकडा, दोन्हींचे फोटो टाक. एजन्सीला ते कुठून मिळणार?

बापटकाका: टाकी.

केदार: दुसरा प्रश्न, "पंप गुणगुणतो पण फिरत नाही." त्यात बहुतेकदा कपॅसिटर गेलेला असतो, नाहीतर पंखा जाम. तिसरा, रिवाइंडिंग करू की नवीन घेऊ.

नीलाताई: तीन पुरेत. दर महिन्याला लिहायचं म्हटलं की उगाच भरती होते. आणि गुजरातीत लिही, कारेलीबागेतलं गिऱ्हाईक त्याच भाषेत शोधतं. पावसाळ्याआधी टाकून ठेव.

देशमुखकाका: गुजराती मी तपासून देईन. पण शुद्धलेखनावरून वाद नकोत.

केदार: काका, उपकार होतील. एजन्सीला आजच नाही कळवतो. बापटकाका, टाकीला फ्लोट स्विच लावून देतो, पंप आपोआप बंद होईल. सामानाचे पैसे सोसायटीनं द्यावेत.

बापटकाका: मीटिंगमध्ये ठराव लागेल.