‘हो ना’ म्हणणं थांबवून बघा

‘शेजारचा सहकारी दिवसभर रडगाणं गातो, संध्याकाळपर्यंत माझंच डोकं जड होतं. काय करू?’

आपण ‘हो ना, खरंच’ म्हटलं की पुढची तक्रार आलीच. दोघांनी मिळून तेच तेच उगाळण्याला मानसशास्त्रात को-रुमिनेशन म्हणतात. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांच्या २००२ च्या शाळकरी मुलांवरच्या अभ्यासात असे उगाळणारे एकमेकांच्या जास्त जवळचे होते, पण जास्त उदासही. म्हणूनच तर हे सुटत नाही.

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात असेच एक दादा आहेत. एसी, साहेब, इन्क्रिमेंट, सगळंच वाईट. मी मान डोलावणं सोडून एवढंच विचारू लागले, ‘मग दादा, मेल टाकताय का?’ शिफ्टचं वेळापत्रक ऐनवेळी येतं ही तक्रार खरी होती. तो मेल आम्ही मिळून टाकला. बाकीच्या तक्रारींवर ‘जाऊ दे गं’. सुरुवातीला कुरकूर उलट वाढली (लक्ष मिळेना की कधी कधी वाढते), तेव्हा ढिलं पडायचं नाही. चहाची वेळ बदलली, परतीच्या लोकलला तर लेडीज डबा आहेच.

मात्र सूर ‘साहेब वाईट’वरून ‘जगण्यात काही राम नाही’वर गेला, तर अंतर ठेवू नका. नीट बसून ऐका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर द्या.