थ्री शीट्स टू द विंड : तीन कसल्या शीट?

अनुजा : एका जुन्या सागरी कादंबरीचा अनुवाद करतेय. त्यात एक खलाशी ‘थ्री शीट्स इन द विंड’ आहे. दारू प्यायलाय हे संदर्भावरून कळतं, पण या तीन शीट कसल्या? आणि मी ऐकलं होतं ते ‘टू द विंड’.

शिरीष : शीट म्हणजे शीड. पवनचक्कीला चार पाती असतात, त्यातल्या तिनांवरच कापड चढवलं तर ती लडबडत फिरते. त्यावरून आलंय.

मंदार : पवनचक्कीची गोष्ट सगळीकडे फिरते, पण वाक्प्रचार जहाजावरचाच. आणि शीट म्हणजे शीड नव्हे, दोर. शिडाचा खालचा कोपरा ज्या दोराने ताणून धरतात तो. जुन्या इंग्रजीत तो शब्द शिडाच्या कोपऱ्यालाच होता, तिथून दोराला चिकटला. अरबी समुद्रातले खलाशी याच दोराला दामन म्हणत.

आता हा दोर सुटला असं समजा. कोपरा मोकळा झाला की शिडात वारा भरतच नाही, ते नुसतं फडफडतं आणि दोराचं टोक वाऱ्यावर सपासप फटके मारतं. एक सुटला तर जहाज जरा रेंगाळेल, सुकाणू ऐकेल. तीन सुटले की पुढे नेणारा जोरच उरत नाही. जहाज लाटांवर डावी-उजवीकडे कलंडत राहतं, सुकाणू फिरवून उपयोग नाही. दारू चढलेल्याची चाल हुबेहूब अशीच.

‘इन’ हेच जुनं रूप. १८२१ सालच्या ‘रिअल लाइफ इन लंडन’ या पुस्तकात तेच आहे. ‘टू’ मागाहून रुळलं.

सुलभाताई : आपल्याकडे ‘वारं प्यायलेलं वासरू’ आहेच की! तेच वापर ना. माझा नातू तर दिवसभर तसाच असतो.

अनुजा : ताई, ते उधळलेल्याला म्हणतात. माझा गडी तर उभाच राहू शकत नाहीये.

शिरीष : दोराचं पटलं. पण मग तीनच का?

मंदार : खलाशी चढलेली दारू अशी मोजत. ‘ट्रेझर आयलंड’मध्ये (१८८३) लाँग जॉन सिल्व्हर म्हणतो, तुम्हाला वाटेल आम्ही सगळे ‘अ शीट इन द विंड्स आय’ होतो, पण मी शुद्धीवर होतो. तिथे एकच शीट, म्हणजे थोडीशी चढलेली. तीन म्हणजे पार गेलेला. पण मोजणी तीनवरच का थांबली, याचं खात्रीचं उत्तर माझ्या वाचनात आलेलं नाही. तीन डोलकाठ्यांचा संबंध काही जण लावतात, मला तो ओढूनताणून वाटतो.

शिरीष : मला तर डोलकाठ्यांचंच खरं वाटतंय.

अनुजा : मग मी ‘तिन्ही दोर सुटलेला’ असं ठेवते. बोलणाराही खलाशीच आहे, त्याच्या तोंडी शोभेल. आधीच्या पानावर वादळात शिडाचा दोर सुटतोच, त्यामुळे वाचकाला टीप द्यावी लागणार नाही.

सुलभाताई : ‘तर्र’ काय वाईट होता?