रजेचा अर्ज: दोन ओळींचा ई-मेल की छापील कागद?

नवा_लिपिक: सात जणांच्या सीए फर्ममधून नुकताच एका अनुदानित कॉलेजात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलोय. बहिणीचं लग्न आहे, मंगळवार ते शनिवार किरकोळ रजा हवी. फर्ममध्ये सरांना ई-मेल टाकला की काम व्हायचं. इथे प्राचार्यांना तसाच टाकू का?

कायदेपंडित: बिनधास्त टाक. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मध्येच आला. त्यातल्या कलम 4 नं इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी कागदाचा दर्जा दिलाय. 'कागदच आणा' म्हणायचा कुणाला अधिकार नाही.

आस्थापना_काका: कलम बरोबर, पण निष्कर्ष घाईचा. ई-मेल पुरावा म्हणून उभा राहील. रजा मंजूर करायची रीत संस्था ठरवते. कॉलेजात अर्ज एकटे प्राचार्य वाचत नाहीत. आधी कार्यालय अधीक्षक समासात 'शिफारस' लिहून सही करतात, मग आवकला क्रमांक पडतो, प्राचार्य 'मंजूर' लिहितात आणि शेवटी आस्थापनेतला माणूस शिल्लक बघून रजा नोंदवहीत चढवतो. ई-मेल प्राचार्यांच्या इनबॉक्समध्येच राहिला, तर महिनाअखेरीस हजेरीपटावर तुझ्या नावापुढे रिकामे रकाने दिसतील आणि पगारबिल करणारा ते विनापरवानगी गैरहजेरी धरेल.

दोन प्रती काढ. एक आवकला दे, दुसरीवर शिक्का, तारीख, सही घे. गावाबाहेर जाणार असशील तर त्यातच लिही: 'सोमवारी कार्यालयीन वेळेनंतर रविवारपर्यंत मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी.' हे वाक्य नवी मंडळी हमखास विसरतात. तुझ्या जागी काम कोण बघणार, तेही लिही.

मुक्ता: काका, ही सगळी फाइलबाजी आहे. आमच्या विद्यापीठात रजा पोर्टलवरच टाकतो, कागद कुणी मागत नाही.

आस्थापना_काका: पोर्टल म्हणजे ई-मेल नव्हे, बाई. तिथं शिफारस, मंजुरी, शिल्लक सगळं आत बांधलेलं असतं. पोर्टल असेल तर कागद मीही मागणार नाही.

दुकानदार_सून: माझं उलटं. आम्ही पाच जण. एकानं 'विषय: रजा मिळणेबाबत' असा छापील अर्ज टेबलावर ठेवला, सासऱ्यांना वाटलं हा सोडून चाललाय! छोट्या जागी ई-मेलच बरा: कुठल्या तारखा, कुठलं काम अडेल, किल्ली कुणाकडे. आणि उत्तरात 'हो' लेखी घ्या. तोंडी 'जा रे' पगाराच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

सह्याद्री_९: राजीनाम्याचा नमुना आहे का कुणाकडे?

कायदेपंडित: काका, पण रात्री ताप भरला तर? आवक खिडकी उघडायची वाट बघायची?

आस्थापना_काका: तेव्हा आधी ई-मेल किंवा फोन, रुजू होताना कागद. याला कोण नाही म्हणतंय?

नवा_लिपिक: अधीक्षकच सध्या रजेवर आहेत. शिफारस कुणाची घेऊ?