मदत हवी आहे: कमाई वरखाली होत असेल तर आपत्कालीन निधी किती ठेवायचा?

मी ॲपवरून डिलिव्हरी करतो. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, असं सगळे सांगतात, पण तो सल्ला पगारदारांचा वाटतो. म्हणून गेल्या १२ महिन्यांची कमाई वहीत मांडली. पेट्रोल आणि गाडीची दुरुस्ती वजा करून, घरखर्च दरमहा १०० धरून आकडे असे आले:

१३०, १२०, १४०, ९०, ७०, ६०, ८०, ११०, १३५, १५०, ९५, १०५

सरासरी १०७, म्हणजे वरवर सगळं ठीक. पण चौथ्या ते सातव्या महिन्यात सलग तूट आली: १०, ३०, ४०, २०. एकूण १००. म्हणजे ही मंदी झेलायला एक महिन्याचा खर्च पुरला असता.

अडचण अशी की या वर्षात मी आजारी पडलो नाही, आयडीही बंद झाला नाही. शून्य कमाईचा महिना वहीत नाहीच! नेमका सातव्या महिन्यानंतर हात मोडला असता तर? म्हणून मंदीचे १०० अधिक दोन रिकाम्या महिन्यांचे २००, असे ३०० धरतोय. ही बेरीज बरोबर आहे का? की एकाच वर्षाच्या आकड्यांवर मंदीची तूट दीडपट धरावी? कोणी असा हिशोब केलाय का?